बाबांचं पुस्तक स्वतः छापतोय – ५०० प्रती की १०००? एका प्रतीमागे खर्च किती आणि लेखकाच्या हातात नेमकं काय उरतं?

वैशाली_भांडुप

नमस्कार मंडळी. माझे बाबा बेस्टमध्ये ३४ वर्षं कंडक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांनी वह्यांमध्ये आठवणी लिहून काढल्या. डेपोतली पहाट, २६ जुलैच्या पावसात बसमध्ये काढलेली रात्र, सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं, असं सगळं आहे त्यात. दोन-तीन प्रकाशकांकडे दिलं, पण वर्ष झालं तरी उत्तर नाही. बाबा आता ७३ वर्षांचे आहेत, म्हणून मी स्वतःच काढायचं ठरवलं आहे.

टायपिंग, मांडणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ धरून १४,००० रुपये खर्च झालेत. पुस्तक १६४ पानांचं झालंय, साइज डेमी, आतला कागद ७० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा, मॅपलिथो, आत एकरंगी, कव्हर रंगीत, परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे शिलाई नाही, गोंदाने चिकटवलेलं. लोअर परळच्या एका प्रेसने कर आणि टेम्पो धरून असे दर दिले आहेत:

५०० प्रती: ३४,००० (प्रत ६८ रुपये)
१००० प्रती: ५२,००० (प्रत ५२ रुपये)

माझा हिशोब असा, की हजार छापल्या आणि किंमत २०० ठेवली तर प्रतीमागे १४८ रुपये बाबांची रॉयल्टी. म्हणजे जवळजवळ दीड लाख. हे बरोबर आहे का? प्रकाशक तर दहाच टक्के देतात असं ऐकते. काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण कुठे ते कळत नाही.

निखिल_ठाणे

हजारच छापा ताई, डोळे झाकून. छपाईचा खर्च पाचशेला जितका, तितकाच हजारला लागतो. मी सोसायटीची स्मरणिका काढली तेव्हा प्रेसवाल्यानेच हे सांगितलं होतं. आणि किंमत खर्चाच्या पाचपट ठेवायची असा धंद्यातला नियम आहे. ५२ गुणिले ५ म्हणजे २६० ठेवा.

दत्ता_मास्तर

रॉयल्टीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझा कथासंग्रह एका प्रकाशकाने काढला. करारात दहा टक्के आहे. पहिल्या आवृत्तीचे पैसे मिळाले. मग एका वाचनालयात माझ्याच पुस्तकावर ‘दुसरी आवृत्ती’ छापलेलं पाहिलं, मला कोणी कळवलंही नव्हतं. दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. ताई, आधी करार नीट वाचा.

वैशाली_भांडुप

मास्तर, वाचून वाईट वाटलं. पण आमच्याकडे प्रकाशकच नाही, करार कोणाशी करणार? प्रकाशक म्हणून माझंच नाव जाणार आहे.

जुना_कंपोझिटर

वैशालीताई, मी छापखान्यात एस्टिमेट काढण्याचं काम बत्तीस वर्षं केलं. सुरुवात गिरगावात खिळे जुळवण्यापासून झाली. तुमचं काय चुकतंय ते सांगतो. तुम्ही खर्चाला छापलेल्या प्रतींनी भागताय. भागायचं असतं विकल्या गेलेल्या प्रतींनी. शिवाय विकल्या गेलेल्या प्रतीचेही पूर्ण २०० तुमच्या हातात येत नाहीत. पण त्याआधी पानांचं बघू.

१६४ पानं सोयीची नाहीत. फॉर्म म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा एक संच, आणि डेमी साइजमध्ये एका फॉर्मला १६ पानं बसतात. १६० पानं म्हणजे बरोबर दहा फॉर्म. वरच्या चार पानांसाठी वेगळी प्लेट, मशीनवर वेगळं चढवणं, बाइंडरकडे वेगळा तुकडा. कागद चार पानांचाच जातो, पण मजुरी त्याहून कितीतरी जास्त. मांडणी करणाऱ्याला सांगा, चार पानं आत घ्या. प्रकरणाच्या शेवटी दोन-तीन ओळीच पुढच्या पानावर गेल्या असतील तर त्या मागे ओढता येतात. कोऱ्या पानांपैकी एखादं काढता येतं. अक्षर बारीक करू नका, बाबांचे मित्र साठीच्या पुढचे असणार.

आणि प्रेसशी बोलताना ‘पानं’ शब्द जपून वापरा. आपण दोन्ही बाजू मोजून १६० म्हणतो, काही जण कागदाचे पत्रे मोजतात. कोटेशनमध्ये ‘१६० पृष्ठं, दहा फॉर्म’ असं लिहून घ्या.

वैशाली_भांडुप

काका, खूप आभार. आताच मोजलं. नऊ प्रकरणांपैकी चार प्रकरणांत शेवटच्या पानावर पाचच्या आत ओळी आहेत! म्हणजे १६० होईल. पण निखिल म्हणतात तसं पाचशे आणि हजारचा छपाईखर्च खरंच सारखा असतो का? मग ३४ आणि ५२ हजार का?

जुना_कंपोझिटर

निखिल म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. दहा फॉर्मच्या दोन-दोन बाजू म्हणजे वीस प्लेटा. प्लेट बनवायचा खर्च एकदाच. मशीनवर चढवल्यावर बहुतेक प्रेस प्लेटमागे किमान हजार छपांचे पैसे लावतात, तुम्ही पाचशे काढा नाहीतर हजार. म्हणून तेवढा भाग दोन्हीकडे सारखा. पण कागद दुप्पट लागतो, बाइंडिंग दुप्पट लागतं. हे दोन्ही प्रतीगणिक वाढतात.

तुमच्या पुस्तकाचं १६० पानांचं एस्टिमेट मी आजच्या अंदाजाने मांडलं. कर यातच धरलाय, तुमच्या प्रेसचा आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. पाचशे प्रतींना कागद ९,९००, प्लेटा आणि छपाई ११,०००, कव्हर लॅमिनेशनसह ५,३००, बाइंडिंग ४,५००, पॅकिंग-टेम्पो १,३००. एकूण ३२,०००. हजारला कागद १९,४५० होतो, छपाई तेवढीच ११,०००, कव्हर ७,६००, बाइंडिंग ९,०००, टेम्पो १,९५०. एकूण ४९,०००.

आता कागद कसा काढला ते एकदा समजून घ्या, म्हणजे कोणी फसवणार नाही. २३ बाय ३६ इंचाच्या एका शीटमधून डेमीची ३२ पानं निघतात. १६० पानांना पाच शीट. पाचशे प्रतींना अडीच हजार शीट, म्हणजे पाच रीम. वर मशीन लावताना वाया जाणारा कागद पाच-सहा टक्के धरा. ७० जीएसएमचं या साइजचं रीम १८.७ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे साधारण ९९ किलो कागद. मी किलोला १०० रुपये धरलाय. तुमच्या प्रेसने कागदाचा दर किलोवर सांगितला की तुम्ही घरी बसून हा गुणाकार करू शकता.

यातून एक गोष्ट दिसते. पहिल्या पाचशे प्रती ६४ रुपयांना पडल्या, पण पुढच्या पाचशे फक्त ३४ रुपयांना. मोह होतो तो इथेच.

निखिल_ठाणे

मग मी तेच म्हणतोय ना काका! ३४ रुपयांना पुस्तक मिळतंय तर का सोडायचं?

आसावरी_ग्रंथप्रेमी

निखिल, मी दादरला एका पुस्तकांच्या दुकानात अकरा वर्षं होते, आता प्रदर्शनांत स्टॉल लावते. ३४ रुपयांना पडलेल्या प्रती नंतर कुठे दिसतात ते सांगते. पलंगाखाली. पहिल्या पावसाळ्यात गठ्ठ्याच्या खालच्या प्रतींना ओल लागते, दुसऱ्या पावसाळ्यात कसर. लेखक येतात, म्हणतात शंभर प्रती ठेवून घ्या, पैसे नकोत. आमच्याकडे जागा नसते.

दुकानाचं गणितही सांगते. ओळख नसलेल्या लेखकाचं पुस्तक दुकान विकत घेत नाही, विक्रीवर ठेवतं. पाच-दहा प्रती घेतं, विकल्या की पैसे. सवलत ४० टक्के सर्रास मागतात. वितरक मध्ये असेल तर ५० च्या पुढे जाते. पैसे तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, तेही लेखकाने आठवण केल्यावर. प्रती देताना चलन करा, दोन प्रतींत, दुकानाच्या सहीसह. हे न केल्यामुळे किती जणांच्या प्रतींचा पत्ताच लागत नाही.

वैशाली, तुझ्या बाबांचं पुस्तक दुकानापेक्षा हातोहात जास्त जाईल. डेपोतले लोक, युनियनचे लोक, तुमचं गाव. प्रकाशनपूर्व सवलत लावून आधीच नावं नोंदव. किती नावं येतात त्यावर छपाई ठरव.

मंजिरी_कुलकर्णी_अंधेरी

माझा अनुभव लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

मी प्रेसकडे गेले नाही. एका सेल्फ पब्लिशिंग कंपनीचं पॅकेज घेतलं. ५५,००० रुपये, त्यात मांडणी, कव्हर, वीस लेखक-प्रती, ऑनलाइन विक्री आणि ‘१०० टक्के रॉयल्टी’. मला वाटलं २९९ किंमत आहे तर २९९ माझे. सहा महिन्यांनी स्टेटमेंट आलं. प्रत्येक प्रतीचे २९९, त्यातून विक्री आणि पाठवणीचा खर्च १२० वजा, मागणीनुसार छपाईचा ११८ वजा. उरले ६१. त्या ६१ चे शंभर टक्के माझे.

२३ प्रती विकल्या गेल्या होत्या. १,४०३ रुपये खात्यात आले. त्या रात्री मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. ५५,००० परत यायला ९०२ प्रती विकाव्या लागतील. करार पुन्हा काढून वाचला, त्यात ‘निव्वळ उत्पन्नाच्या’ असा शब्द होता. फसवलं असं कायद्याने म्हणता येणार नाही, पण मला कोणी तोंडी तो शब्द समजावला नव्हता. मी नोकरीतून वाचवलेले पैसे होते ते. अजून प्रती हव्या असतील तर मलाच १४० रुपयांनी विकत घ्याव्या लागतात, आणि मांडणीची फाइलही त्यांच्याकडेच आहे.

वैशाली, कुठेही गेलीस तरी छपाईची फाइल आणि कव्हरची फाइल स्वतःकडे ठेव.

जुना_कंपोझिटर

मंजिरीताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. रॉयल्टीचा टक्का ऐकला की पहिला प्रश्न एकच: कशाचा टक्का? प्रकाशकाचे दहा टक्के छापील किमतीचे असतात, २९९ वर २९ रुपये ९० पैसे, आणि लेखकाने खिशातून काही घातलेलं नसतं. तुमचे शंभर टक्के ६१ रुपयांचे, आणि त्याआधी ५५ हजार गेलेले.

वैशालीताई, आता तुमचा हिशोब पुढे नेतो. शांतपणे वाचा.

पाचशे छापल्यात तर छपाई ३२,००० आणि आधीचे १४,०००, एकूण ४६,०००. पाचशेपैकी विकायला किती उरतात? कायद्याने प्रकाशकाला चार ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपल्या मुंबईचं टाऊन हॉलमधलं. १९५४ चा कायदा आहे, आणि प्रकाशक तुम्ही आहात. परीक्षणासाठी पंधरा. बाबांचे जवळचे, प्रकाशनाचे पाहुणे, मदत करणारे, चाळीस होतातच. पाच-सहा कोपरे दुमडलेल्या निघतील. ६५ गेल्या, ४३५ उरल्या.

किंमत २०० ठेवलीत आणि निम्म्या प्रती हातोहात २० टक्के सवलतीने, निम्म्या दुकानातून ४० टक्क्यांनी गेल्या, तर सरासरी १४० हातात येतात. त्यातून बाबांची रॉयल्टी आधी बाजूला काढा, दहा टक्के, २० रुपये. लेखक बाबा आहेत आणि प्रकाशक तुम्ही. घरातली घरात असली तरी रॉयल्टी हा खर्च म्हणून मांडा, नाहीतर शेवटी उरलं तर मिळालं असं होतं आणि बाबांना काहीच मिळत नाही. राहिले १२०. ४६,००० भागिले १२० म्हणजे ३८४ प्रती. तेवढ्या विकल्यावर तुमचे पैसे सुटतात. ४३५ पैकी ३८४.

किंमत २५० ठेवलीत तर सरासरी १७५, रॉयल्टी २५, राहिले १५०. तेव्हा ३०७ प्रतींत सुटतं.

आता हजारचं बघा. एकूण खर्च ६३,०००. प्रतीमागे ६३ म्हणजे स्वस्त दिसतं. पण २५० किमतीलाच पैसे सुटायला ४२० प्रती विकाव्या लागतील. म्हणजे प्रत स्वस्त झाली आणि तुम्हाला ११३ प्रती जास्त विकाव्या लागल्या. ४२० च्या पुढे खात्रीने विक्री असेल तरच हजार.

निखिल_ठाणे

हे मला माहीत नव्हतं काका. आमच्या स्मरणिकेचे पैसे जाहिरातींतून आले होते, विकायची वेळच आली नाही. पाचपटीचा नियमही चुकीचा का मग?

जुना_कंपोझिटर

चुकीचा नाही. ज्या प्रकाशकाचा सगळा माल वितरकामार्फत जातो, निम्मी किंमत सवलतीत जाते, त्यावर रॉयल्टी, गोदाम, माणसांचे पगार, त्याला चार-पाचपट लागतेच. तुमचा निम्मा माल हातोहात जाणार असेल तर इतकी लागत नाही. आणि १६० पानांच्या अनोळखी लेखकाच्या पुस्तकाला ६४ पंचे ३२० लावलेत तर लोक हातात घेऊन परत ठेवतील. नियमाने खालची मर्यादा कळते, वरची मर्यादा गिऱ्हाईक ठरवतं.

सचिन_मुलुंड

एक शंका. पुस्तकांना जीएसटी नाही ना? मग प्रेसच्या बिलात कर कसा? तो परत मागता येईल.

आसावरी_ग्रंथप्रेमी

छापील पुस्तकाच्या विक्रीवर शून्य आहे. पण कागदावर आणि छपाईच्या कामावर लागतो. आणि विक्री करमुक्त असल्यामुळेच आत भरलेला कर परत मिळत नाही. म्हणून तो खर्चातच धरायचा. कोटेशन घेताना ‘कर धरून की वगळून’ हे विचारलं नाही तर शेवटच्या बिलाला धक्का बसतो.

सचिन_मुलुंड

बरं. आयकरातही लेखकांना रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट असते ना, ८०क्यूक्यूबी?

दत्ता_मास्तर

असते, मी घेतली आहे, पण जुन्या कररचनेत. त्यासाठी रॉयल्टी देणाऱ्याकडून फॉर्म घ्यावा लागतो. इथे मुलगी देणार आणि वडील घेणार. चालेल की नाही ते सीएला विचारा. माझ्या सीएचं म्हणणं होतं की स्वतः छापून विकलं तर तो व्यवसायाचा नफा, रॉयल्टी नव्हे. ताईंच्या बाबतीत मुलगी प्रकाशक आहे, म्हणून वेगळं पडेल का, हे मलाही जाणून घ्यायचं आहे.

ऋतुजा_डिजिटल

ऑफसेटच का? डिजिटलवर २०० प्रती काढा. १६० पानांची प्रत साधारण ९५ ला पडेल. १९,००० मध्ये काम. संपल्या की पुन्हा काढा. पलंगाखाली काही राहत नाही. मी माझे दोन्ही कवितासंग्रह असेच काढले.

जुना_कंपोझिटर

ऋतुजाताई, गुंतवणूक कमी होते हे खरं. पण १९,००० मध्ये आधीचे १४,००० मिळवले की ३३,०००. दोनशेपैकी चाळीस भेट गेल्या तर १६० उरतात. २५० किंमत ठेवून सगळ्या हातोहात २०० ने विकल्या तरी ३२,०००. रॉयल्टी तर राहूच द्या. दुसऱ्या वेळी दोनशे काढाल तेव्हा मात्र आधीचे १४,००० पुन्हा लागत नाहीत, तिथे थोडं उरायला लागतं.

ऋतुजा_डिजिटल

पण काका, तुमच्या पाचशेतल्या दोनशे उरल्या तर? माझे १,००० अडकतील, तिचे वीस हजार. मी भेट प्रती चाळीस देतही नाही, दहा देते. कविता विकत घेणारे कमी असतात म्हणून मी हे शिकले. मला तरी पहिल्यांदा दोनशे हेच बरोबर वाटतं.

जुना_कंपोझिटर

तुमच्या कवितांना ते बरोबर आहे. इथे डेपो आहे, म्हणून मी पाचशे म्हणतोय. शेवटी आसावरीताई म्हणाल्या तेच, नावं किती येतात बघा. शंभरच्या खाली आली तर मीही डिजिटल म्हणेन.

वैशाली_भांडुप

आठ दिवसांनी लिहिते आहे. बाबांनी स्वतः फोन फिरवले. १२० जणांनी प्रकाशनपूर्व १५० रुपयांत नाव नोंदवलं, ८६ जणांनी पैसेही दिले. त्यामुळे पाचशेच. किमतीवरून मात्र घरात एकमत नाही. बाबांना २०० च हवी. म्हणतात, निवृत्त कंडक्टर अडीचशे देणार नाही. मी काकांच्या पद्धतीने २२५ चा हिशोब केला, ३४१ प्रतींत सुटतं. पण या १२० प्रतींना सरासरीपेक्षा कमी मिळालेत, त्यामुळे खरा आकडा थोडा वर जाईल, बरोबर ना?

आयएसबीएनसाठी अर्ज केलाय, त्याला पैसे लागत नाहीत हे कळल्यावर बरं वाटलं. एक एजंट त्याचे तीन हजार मागत होता.

आता बाइंडिंग. प्रेसवाले परफेक्टच म्हणतात. बाबांना शिवलेलं हवंय.

जुना_कंपोझिटर

हो, थोडा वर जाईल. पण ते पैसे छपाईच्या आधी हातात आले, उसने घ्यावे लागले नाहीत, हेही जमेला धरा. किमतीबद्दल मी काही सांगणार नाही, आपले वाचक बाबांना माहीत.

शिलाईला प्रतीमागे सहा-सात रुपये जास्त पडतील, म्हणजे तीन-साडेतीन हजार. दहा फॉर्मच्या पुस्तकाला चांगलं परफेक्ट चालतं. ‘चांगलं’ आहे का ते असं बघा. डमी मागा, त्याच कागदाची, त्याच गोंदाची. बरोबर मधे उघडा, दोन्ही बाजू टेबलाला टेकतील इतकं दाबा. कण्यात कडकड आवाज होऊन चीर दिसली तर गोंद ठिसूळ आहे. मग मधलं एक पान चिमटीत धरून वर ओढा. पुस्तक पानासकट उचललं गेलं पाहिजे, पान एकटं सुटून आलं तर नको म्हणा.

दुसरं म्हणजे कागदाचा ग्रेन. तंतू कण्याला समांतर हवेत. आडवे आले तर आपल्या जुलैच्या हवेत कण्याजवळ पानांना लाटा येतात आणि पुस्तक मिटत नाही. एक पान वरून खाली फाडून बघा आणि एक आडवं. वरून खाली सरळ फाटलं आणि आडवं वेडंवाकडं गेलं, तर बरोबर आहे.

आणि तिसरं, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. ७० जीएसएमच्या १६० पानांच्या डेमी पुस्तकाचं आतलं वजन १६९ ग्रॅम यायला हवं, कव्हर धरून १९० च्या आसपास. ६० जीएसएम लावला असेल तर कव्हरसकट १६५ भरेल. दहा जीएसएमचा फरक बोटांना कळत नाही. तुमच्या कामात तेवढ्यावर चौदा किलो कागद वाचतो.

मंजिरी_कुलकर्णी_अंधेरी

काका, मी आत्ता माझं पुस्तक काट्यावर ठेवलं. करारात ८० लिहिलंय. किती यायला हवं ते कसं काढायचं? पानं १९२ आहेत, साइज तीच.

जुना_कंपोझिटर

१९२ पानं म्हणजे ९६ पत्रे. या साइजचा एक पत्रा ७० जीएसएममध्ये २.१ ग्रॅम, ८० मध्ये २.४ ग्रॅम. ९६ गुणिले २.४, म्हणजे २३० आणि वर कव्हरचे वीसेक. पाच टक्के इकडे-तिकडे सोडा, कारखान्यातूनही कागद तेवढा कमी-जास्त येतो.

मंजिरी_कुलकर्णी_अंधेरी

२२१ भरलं, कव्हरसकट. म्हणजे ७० चाच कागद. उद्या त्यांना पत्र लिहिते.

वैशाली_भांडुप

आज डमी आली. बाबा आणि मी दोघांनी मिळून तपासली. मधलं पान ओढलं, नाही सुटलं. ग्रेन बरोबर आहे. मग काटा काढला. १६६ ग्रॅम.

प्रेसला फोन केला. ते म्हणाले डमीसाठी हाताशी होता तो कागद वापरला, मूळ काम ७० वरच होईल. मी भांडले नाही. ऑर्डरमध्ये लिहून घेतलं, ‘७० जीएसएम, तयार प्रतीचं वजन १९० ग्रॅमच्या आसपास, डिलिव्हरीच्या वेळी वजन करून घेतलं जाईल’. त्यांनी सही करून दिलं आणि वर विचारलं, तुम्ही या लाइनमध्ये आहात का?

निम्मे पैसे दिलेत, उरलेले वजन झाल्यावर. बाबा रात्री डमी उशाशी घेऊन झोपले होते. सकाळी मला एक चूक दाखवली, पान ८७ वर घाटकोपर डेपोचं नाव दोनदा आलंय. आज ती दुरुस्त करून फाइल पाठवते.

आसावरी_ग्रंथप्रेमी

छान झालं. गठ्ठे आले की जमिनीवर ठेवू नकोस, खाली लाकडी फळी घाल, भिंतीपासून चार बोटं लांब. आणि गठ्ठे मोज. पाचशेच्या ऑर्डरला चारशे ऐंशीही येतात.

दत्ता_मास्तर

ताई, एक प्रत माझ्यासाठी ठेवा, पूर्ण किमतीत. किंमत काय ठरली?

वैशाली_भांडुप

मास्तर, कव्हरची फाइल उद्या दुपारी जाते. तोवर बाबांशी बोलणं चालू आहे.